डिस्चार्ज कार्डावर गोळ्या लिहिता, मग घरच्यांना इंजेक्शन का शिकवत नाही?

प्रति,
राज्यातील सरकारी, महापालिका आणि खासगी रुग्णालयांचे अधीक्षक,
तसेच बालरोग, मेडिसिन आणि हार्मोनविकार विभागांचे प्रमुख यांस,

विषय : ॲड्रिनल ग्रंथी निकामी असलेल्या रुग्णांच्या घरच्यांना हायड्रोकॉर्टिसोनचं तातडीचं इंजेक्शन शिकवण्याबाबत, आणि स्टेरॉइड कार्ड व मनगटातल्या पट्टीबाबत.

महोदय, महोदया,

ॲड्रिनल ग्रंथी निकामी झालेला रुग्ण आपल्या वॉर्डातून घरी जातो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा तीनच गोष्टी लिहिलेल्या असतात. हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या किती आणि कधी घ्यायच्या, पुन्हा दाखवायला कधी यायचं, आणि ‘त्रास वाढल्यास त्वरित कॅज्युअल्टीत आणावे’. हे पत्र त्या तिसऱ्या वाक्याबद्दल आहे. घर आणि कॅज्युअल्टी यांच्यामधल्या दोन-तीन तासांत काय करायचं, हे त्या वाक्यात नाही. काही ठिकाणी तर घरच्यांनी स्वतःहून विचारलं तरी ‘इंजेक्शन नातेवाइकांनी द्यायचं नसतं, तुम्ही फक्त घेऊन या’ असं सांगून त्यांना परत पाठवलं जातं. हा नियम आम्हाला मान्य नाही. का मान्य नाही, ते इथे मांडतो.

आम्ही म्हणजे अशा रुग्णांचे आईवडील, नवरा-बायको, मुलं, आणि हे इंजेक्शन घरच्यांना शिकवणाऱ्या काही सिस्टर. आपापल्या घरात काय घडलं ते सांगायला आम्ही लिहीत नाही. काम कसं चालतं आणि कुठे अडतं, एवढंच सांगतो.

आपल्याला हे ठाऊकच आहे, पण पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात. किडनीच्या वर बसलेल्या या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल हे हार्मोन बनवतात. निरोगी माणसाला ताप आला, हाड मोडलं, ऑपरेशन झालं की शरीर कॉर्टिसोल आपोआप कित्येक पटींनी वाढवतं. ग्रंथी निकामी असलेल्याला ते जमत नाही. कॉर्टिसोलची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या रोजच्या गोळ्या रोजच्या दिवसापुरत्या असतात, म्हणून आजारपणात त्या दुप्पट-तिप्पट करायच्या असतात. उलट्या सुरू झाल्या की मात्र दोन्ही बाजूंनी कोंडी होते. शरीराची मागणी वाढलेली असते आणि गोळी पोटात राहत नाही. मग रक्तदाब कोसळतो, रक्तातलं सोडियम घसरतं आणि लहान मुलांत साखरही उतरते. सकाळी खेळणारं मूल संध्याकाळी ग्लानीत जाऊ शकतं.

हे रुग्ण कोण? जन्मजात ॲड्रिनल दोष घेऊन आलेली बाळं. क्षयरोगाने दोन्ही ग्रंथी खाल्लेले मोठे लोक. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथी नष्ट केलेले ॲडिसनचे रुग्ण. बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊन पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी बसून ॲड्रिनलला हुकूम देणारी ग्रंथी, निकामी झालेल्या बाया, ज्यांचं निदान कधीकधी पाच-दहा वर्षांनी होतं. पिट्यूटरीच्या गाठीचं ऑपरेशन झालेले. आणि संधिवात, दमा किंवा किडनीच्या विकारासाठी महिनोन् महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारे, ज्यांच्या स्वतःच्या ग्रंथी त्यामुळे निजलेल्या असतात. हा शेवटचा गट संख्येने सर्वांत मोठा, आणि आपल्याला हा धोका आहे हे त्यातल्या बहुतेकांच्या कानावरही पडलेलं नसतं. जर्मनीत निदान झालेल्या आणि नीट उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दर १०० रुग्णांमागे वर्षाला साधारण ८ वेळा असा जीवघेणा प्रसंग आला होता. तिथले रुग्ण माहीतगार, रुग्णालयं जवळ, तरीही हा आकडा.

आता एक प्रसंग नीट मांडून बघू. समजा चार वर्षांची मुलगी आहे, जन्मजात दोष, शरीरातलं मीठ टिकत नाही असा प्रकार. दिवसातून तीनदा अडीच मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि सोबत मीठ टिकवणारं फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे. घर तालुक्याच्या गावापासून तीस-चाळीस किलोमीटर आत. रात्री अकराला तिला ताप १०१ आणि पहिली उलटी. आईने शिकवल्याप्रमाणे वाढीव गोळी दिली. दहा मिनिटांत ती बाहेर आली. गोळी दिल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा एकदा पुन्हा द्यायची असते, म्हणून तिने पुन्हा दिली. तीही बाहेर. आता गोळीचा विषय संपला. इथून पुढे एकच औषध आहे, आणि ते सुईतूनच जातं.

आपल्या कार्डाप्रमाणे चालायचं तर आता गाडी शोधायची. १०८ ला फोन केला तरी गाडी यायला वेळ, खराब रस्त्यावरून तालुक्याला पोचायला वेळ. तिथे रात्रपाळीला असलेले डॉक्टर उलट्या-जुलाबाचं मूल म्हणून सलाईन लावणार आणि सकाळी जिल्ह्याला पाठवू म्हणणार. मुलीचा आजार कळून पहिलं हायड्रोकॉर्टिसोन शिरेत जाईपर्यंत पहाट. तेच औषध घरातल्या डब्यात असेल आणि आईला देता येत असेल, तर रात्री साडेअकराला ते मुलीच्या मांडीत गेलेलं असतं. मग हाच प्रवास ती वेगळ्या अवस्थेत करते.

आपल्यापैकी काहींना वाटतं, की हे घरच्यांना झेपणार नाही. म्हणून काय करायचं असतं ते पायरीपायरीने लिहितो. वाचून आपणच ठरवा.

डब्यात काय असावं? हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेट १०० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या, एक वापरायची आणि एक राखीव. निर्जंतुक पाण्याच्या दोन-तीन कुप्या. दोन मिलिलिटरच्या तीन सिरिंज. पूर्ण मात्रा लागणाऱ्या मोठ्या माणसासाठी तीन किंवा पाच मिलिलिटरच्या घ्याव्यात, म्हणजे काठोकाठ भरावी लागत नाही. २३ गेजच्या एक इंची सुया, दोन-तीन जास्तीच्या. स्पिरिटचे बोळे, कापूस, आणि वापरलेली सुई टाकायला जाड प्लॅस्टिकची झाकणाची बाटली. झाकणाच्या आतून चिकटवलेला एक कागद, ज्यावर या रुग्णाची मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि मिलिलिटरमध्येही मोठ्या अक्षरांत लिहिलेली. बाटलीवरचं ‘सोडियम सक्सिनेट’ हे नाव दुकानातच वाचून घ्यायचं, कारण हायड्रोकॉर्टिसोन ॲसिटेट नावाचंही इंजेक्शन मिळतं. ते सांध्यात द्यायचं, हळूहळू मुरणारं औषध आहे आणि या कामाचं नाही. इन्सुलिनची सिरिंजही चालत नाही. तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात.

मात्रा ठरलेली आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला २५ मिलिग्रॅम, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ५०, सहा वर्षांपासून पुढे सर्वांना १००. बाटलीत औषधाची कोरडी पूड असते, तिच्यात दोन मिलिलिटर पाणी घातलं की हिशेब सोपा होतो : बाळाला अर्धा मिलिलिटर, लहान मुलाला एक, मोठ्याला दोन. आपल्या या चार वर्षांच्या मुलीला एक मिलिलिटर.

आई हात धुते. बाटलीचं प्लॅस्टिकचं टोपण उडवते, खालचं रबर स्पिरिटने पुसते. कुपीतून बरोबर दोन मिलिलिटर पाणी सिरिंजमध्ये घेते आणि रबरातून बाटलीत सोडते. आत हवा दाबली जाते आणि दट्ट्या परत वर ढकलला जातो, तेव्हा तेवढी हवा सिरिंजमध्ये येऊ द्यायची. मग बाटली दोन्ही तळव्यांमध्ये फिरवायची. जोरात हलवायची नाही, नाहीतर फेस होतो आणि फेस मोजता येत नाही. पूड मिनिटभरात विरघळते आणि द्रव स्वच्छ दिसतो. गढूळ राहिला किंवा कण दिसले तर ती बाटली बाजूला ठेवून दुसरी घ्यायची. बाटली उलटी धरून, सुईचं टोक द्रवाच्या पातळीखाली ठेवून एक मिलिलिटर ओढायचं, बुडबुडा वर आणून ढकलून द्यायचा. शक्य असेल तर सुई बदलायची. रबरातून दोनदा गेलेली सुई बोथट होते आणि मुलाला जास्त दुखतं.

जागा एकच शिकवावी, मांडी. खुबा आणि गुडघा यांच्यामधल्या अंतराचे तीन भाग करायचे आणि मधल्या भागात पुढून किंचित बाहेरच्या बाजूला टोचायचं. इथे मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही. ढुंगणावर द्यायला शिकवू नका. तिथून सायटिक नस जाते, आणि जाड माणसात औषध चरबीतच राहतं. दुसऱ्या कुणीतरी मुलीचा गुडघा घट्ट धरायचा. सुई सरळ, काटकोनात आणि एका झटक्यात आत. हळूहळू टोचलं तर दुखतं आणि मूल पाय ओढतं. मग दट्ट्या सावकाश, मनात दहा म्हणेपर्यंत दाबायचा. सुई सरळ बाहेर, वर कापूस. घाईच्या वेळी पातळ कपड्यावरून दिलं तरी चालतं. सुईला टोपण परत लावायला जायचं नाही, थेट जाड बाटलीत टाकायची.

दिल्याची वेळ कागदावर लिहायची, रिकामी बाटली पिशवीत टाकायची आणि लगेच निघायचं. मुलगी शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर वाटेत साखरेचं पाणी चमच्याने द्यायचं. ग्लानीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर ठेवायचं. तासाभरात तरतरी आली तरी रुग्णालय चुकवायचं नाही. या एका मात्रेचा आधार सहा तासांच्या आसपास टिकतो, आणि उलटीचं मूळ कारण तसंच असतं. शिवाय गेलेलं पाणी आणि मीठ सलाईननेच भरून निघतं.

एवढंच आहे. आपल्याच रुग्णालयात मधुमेह झालेल्या मुलाच्या आईला दिवसातून चारदा इन्सुलिन द्यायला आपण दोन-तीन दिवसांत शिकवता. इन्सुलिनचे चार युनिट जास्त गेले तर मूल बेशुद्ध पडू शकतं. हायड्रोकॉर्टिसोनची एक मात्रा गरज नसताना गेली तर काय होतं? फार तर त्या रात्री झोप लागत नाही, मधुमेही माणसाची साखर काही तास वाढते. म्हणूनच शंका असेल तर द्या, असं शिकवायचं असतं. जास्त धोक्याचं इंजेक्शन आपण बिनदिक्कत घरी सोपवता आणि कमी धोक्याचं अडवता, याचं कारण आम्हाला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

चुका होतात, हे आम्ही नाकारत नाही. पण त्या कुठे होतात हे ठाऊक आहे, आणि त्यातल्या बहुतेक अर्धवट शिकवण्यामुळे होतात. सर्वांत धोक्याची चूक पाण्याची. निर्जंतुक पाण्याची कुपी बहुधा पाच किंवा दहा मिलिलिटरची मिळते. ‘पाणी घालून द्या’ एवढंच सांगितलेली आई पाच मिलिलिटर पाणी बाटलीत सोडते आणि कागदावर लिहिलंय म्हणून त्यातलं एक मिलिलिटर देते. मुलीला ५० ऐवजी २० मिलिग्रॅम जातं. इंजेक्शन दिल्याचं समाधान मिळतं आणि मूल सुधारत नाही. शिकवताना कुपीवर मार्करने ‘फक्त २’ लिहून दिलं की हे टळतं.

दुसरी चूक वेळेची. घरचे वाट बघतात. आणखी एक उलटी होऊ दे, सकाळ होऊ दे, आधी डॉक्टरांना फोन लागू दे. फोन लागत नाही. ‘गरज वाटल्यास’ असं मोघम लिहून दिलं की माणूस थांबणारच. कार्डावर ठरावीक खुणा लिहा : दोनदा उलटी होऊन गोळी टिकली नाही, जुलाब थांबत नाहीत, उठवलं तर भान नाही, उभं राहताना चक्कर येऊन पडतो, मोठा अपघात झाला किंवा हाड मोडलं. यांपैकी एकही असेल तर आधी इंजेक्शन, मग फोन.

तिसरी गोष्ट चूक म्हणावी की नाही, कोण जाणे. शिकलेलं विसरतं. ज्या हाताने वर्षभर सिरिंज धरलेली नाही तो ऐनवेळी थरथरतो. याला उपाय पुन्हा शिकवणं हाच. मुदत संपलेली बाटली फेकू नका, ती सरावाला ठेवायला सांगा. पूड खरी, रबर खरं, फेसही खरा. टोचण्याचा सराव स्पंजवर किंवा मोसंब्यावर होतो. एकाच माणसाला शिकवून भागत नाही, कारण ज्या रात्री लागेल त्या रात्री तोच माणूस गावाला गेलेला असू शकतो.

बाटली कुठे ठेवायची हेही कुणी सांगत नाही. तिला फ्रिज लागत नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात वरच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ती ठेवायची नसते. घरातली सर्वांत थंड, कोरडी जागा, मुलांच्या हाताला न लागणारी पण घरातल्या सर्वांना माहीत असलेली. विरघळवून मात्र ठेवायची नाही. मिसळलं की लगेच द्यायचं.

आता कार्ड. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने रुग्णसुरक्षेची सूचना काढून सर्व रुग्णालयांना आणि दवाखान्यांना सांगितलं, की स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकाच नमुन्याचं तातडीचं कार्ड द्या. खिशात मावणारं, एका बाजूला रुग्णाचं नाव आणि आजार, दुसऱ्या बाजूला कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने पहिल्या काही मिनिटांत काय करायचं ते. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांत घरी ठेवायची इंजेक्शनची पेटी आणि घरच्यांचं प्रशिक्षण हेही लिहून आलं. आपल्याकडे काही डॉक्टर स्वतःच्या लेटरहेडवर अशी चिठ्ठी देतात, त्यांचे आम्ही आभारी आहोत. पण चार रुग्णालयांची चार प्रकारची चिठ्ठी, घडी पडलेली, घामाने अक्षर फुटलेलं, आणि रात्रपाळीच्या इंटर्नला ती पहिल्यांदाच दिसलेली, अशी परिस्थिती असते. आलेल्या डॉक्टरला तो कागद ओळखीचा वाटला पाहिजे, तरच तो वाचतो.

कार्डाची एक बाजू मराठीत हवी, घरच्यांसाठी, शेजाऱ्यासाठी, एसटीतल्या कंडक्टरसाठी. त्यावर वर सांगितलेल्या खुणा आणि मात्रा. दुसरी बाजू इंग्रजीत, डॉक्टरसाठी. त्यावर ‘त्वरित उपचार करावेत’ असलं काही नको, नेमकं लिहा. मोठ्या माणसाला : हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत लगेच, पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन, नंतर २४ तासांत २०० मिलिग्रॅम, सतत सोडून किंवा दर सहा तासांनी ५०. मुलाला : वयाप्रमाणे २५, ५० किंवा १००; किलोमागे २० मिलिलिटर नॉर्मल सलाईन; साखर तपासा आणि कमी असेल तर ग्लुकोज द्या. आणि सर्वांत वर, ठळक : तपासणीच्या रिपोर्टसाठी थांबू नका.

हे शेवटचं वाक्य आम्ही मुद्दाम मागतो. कॅज्युअल्टीत कार्ड दाखवल्यावर ‘आधी सोडियम, पोटॅशियम येऊ दे’, ‘कॉर्टिसोल करून घेऊ’ असं उत्तर मिळणं हा या रुग्णांचा नेहमीचा अनुभव आहे. रक्त घ्यायला कुणाचीच हरकत नाही. घ्या, आणि त्याच सुईतून औषध सोडा. निदान आधीच झालेलं आहे, ते कार्डावर लिहिलेलं आहे. रात्री दोनला कॉर्टिसोलचा रिपोर्ट येतही नाही. यातला सर्वांत चीड आणणारा भाग असा, की औषध तिथेच असतं. दम्याच्या रुग्णासाठी, ॲलर्जीच्या रुग्णासाठी हायड्रोकॉर्टिसोनची हीच बाटली कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये असते, प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवलेली असते. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे. ज्याला ती नसेल तर जगताच येत नाही, त्यालाच ती सर्वांत उशिरा मिळते.

‘स्टेरॉइड’ या शब्दाची भीतीही आडवी येते, आणि ती फक्त घरच्यांच्या मनात नाही. ‘एवढ्या लहान मुलीला स्टेरॉइड? बंद करा आधी’ असं सांगणारे डॉक्टर गावोगाव आहेत. म्हणून कार्डाच्या मराठी बाजूवर एक ओळ हवी : हे औषध शरीरात नसलेल्या हार्मोनच्या जागी दिलं जातं, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये.

मनगटातल्या पट्टीचा मुद्दा लहान आहे, पण कार्ड पाकिटात असतं आणि अपघातात पाकीट हरवतं. पट्टीवर मजकूर कमीत कमी हवा. पुढे ‘ॲड्रिनल इन्सफिशियन्सी, स्टेरॉइडवर अवलंबून’, मागे ‘हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन लगेच द्या’ आणि घरचा फोन. नुसतं आजाराचं आडवळणी नाव किंवा त्याची तीन अक्षरं कोरली तर हाडांच्या डॉक्टरला त्यातून काही उमगत नाही. ‘स्टेरॉइडवर अवलंबून’ हे शब्द मात्र कुणालाही कळतात. परदेशी पट्ट्या महाग पडतात, पण त्यांची गरजच नाही. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या बनवणारा कारागीर स्टीलच्या पट्टीवर लेसरने ही अक्षरं कोरून देतो. रंगाने छापलेली अक्षरं घासून जातात, कोरलेली टिकतात. बांगड्या भरलेल्या हातात ही पट्टी कुणाच्या नजरेला पडत नाही, दोरे-गंडे बांधलेल्या हातातही नाही. अशांनी ती घड्याळाच्या हातात घालावी किंवा गळ्यात लॉकेट करून. आणि आपण कॅज्युअल्टीच्या व रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना बेशुद्ध माणसाची मनगटं आणि गळा बघायची सवय लावली नाही, तर ही सगळी कोरणावळ वाया.

आपल्याकडून येणारा आणखी एक आक्षेप असा, की इंजेक्शन हाताशी असलं की लोक रुग्णालयात येणारच नाहीत, घरीच टोचून झोपतील. काही झोपतीलही. त्यावर उपाय शिकवण्यातच आहे, म्हणून वर ‘लगेच निघायचं’ हे आम्ही इंजेक्शनचीच एक पायरी म्हणून लिहिलं आहे. औषध न दिल्याने माणूस लवकर रुग्णालयात पोचतो, असं तर नाही ना?

आमच्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यांतली एकही नवीन इमारत किंवा नवीन यंत्र मागत नाही.

ज्या रुग्णाचं निदान ‘ॲड्रिनल इन्सफिशियन्सी’ आहे, कारण कोणतंही असो, त्याचा डिस्चार्ज घरच्या दोन माणसांनी सिस्टरसमोर पूर्ण कृती स्वतःच्या हाताने करून दाखवल्याशिवाय होऊ नये. नुसतं बघितलं, ऐकलं, माहितीपत्रक घेतलं, हे धरू नये. केसपेपरवर तशी नोंद आणि सही असावी. ही कृती दर वर्षी एका फेरतपासणीत पुन्हा करून घ्यावी. बाह्यरुग्ण विभागात यासाठी आठवड्यातला एक तास आणि एक शिकलेली सिस्टर पुरते. डॉक्टरच हवेत असं नाही.

डिस्चार्जच्या औषधांतच दोन बाटल्या, पाणी, सिरिंज आणि सुया लिहून द्याव्यात, आणि सरकारी रुग्णालयांत त्या औषध खिडकीवरूनच मिळाव्यात. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि नुसती बाटलीच लिहिली तर गावातला दुकानदार सिरिंज द्यायला कां-कूं करतो, म्हणून चिठ्ठीवर ‘घरी तातडीच्या वापरासाठी’ असं स्पष्ट लिहावं. मुदत संपण्याआधी बाटली बदलून मिळावी. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी एक संच शाळेत ठेवायला वर्गशिक्षकांच्या नावे चिठ्ठी द्यावी.

कार्ड सर्व रुग्णालयांत एकाच रंगाचं, एकाच मजकुराचं, प्लॅस्टिकचं असावं. आपण विभागप्रमुख एकत्र बसलात तर त्याचा मजकूर एका दुपारी ठरतो. वर लिहिलेला मसुदा आपल्या समोर आहेच, त्यात हवे ते बदल करा. महिनाभर किंवा त्याहून अधिक काळ रोज पाच मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्या मोठ्या माणसांनाही ते द्यावं, आणि मुलांसाठीची मर्यादा बालरोग विभागाने ठरवून द्यावी. संधिवाताच्या आणि छातीच्या ओपीडीत हे कार्ड आज बघायलाही मिळत नाही.

कॅज्युअल्टीच्या भिंतीवर, दम्याच्या आणि सर्पदंशाच्या तक्त्याशेजारी, या कार्डाच्या इंग्रजी बाजूचा तक्ता लावावा. नवीन इंटर्नच्या पहिल्या दिवशी तो दाखवावा. कार्ड घेऊन आलेल्या रुग्णाला आल्यापासून किती मिनिटांत हायड्रोकॉर्टिसोन गेलं, याची वेळ केसपेपरवर लिहावी आणि महिन्यातून एकदा आपण ती स्वतः तपासावी. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या स्वतःच्या डब्यातलं इंजेक्शन जागेवरच द्यावं, ‘रुग्णालयात बघू’ म्हणू नये, अशी लेखी सूचना त्यांना मिळेल हे आपण संबंधितांकडून करून घ्यावं.

आणि तोवर, ‘नातेवाइकांनी द्यायचं नसतं’ हे तोंडी उत्तर बंद व्हावं. एखाद्या रुग्णालयाला ते कायम ठेवायचंच असेल, तर त्यांनी ते कारणासह डिस्चार्ज कार्डावर लिहून, सही करून द्यावं. तो कागद घेऊन आम्ही दुसऱ्या रुग्णालयात शिकायला जाऊ.

आपले,
ॲड्रिनल ग्रंथी निकामी असलेल्या रुग्णांचे कुटुंबीय
आणि त्यांना शिकवणाऱ्या परिचारिका